मदत हवी आहे: नाइट लॅच 7 लिव्हरचं घेऊ की 4 चाव्यांचं?

देवरूखकर: गावच्या घराच्या पुढच्या दाराला नाइट लॅच घ्यायचंय. ऑनलाइन दोन बघून ठेवलीत. पहिल्याची माहिती: रिम लॉक, 7 लिव्हर, बॉडी ब्रास, चाव्या 3, दरवाजाची जाडी 30 ते 45 मिमी. दुसऱ्यात लिव्हर दिलेलेच नाहीत, चाव्या 4, बाकी सगळं तेच. परवा सुतार येतोय, आज ऑर्डर टाकायलाच हवी. कुठलं घेऊ?

कोयंडा: लिव्हर जास्त तेवढं कुलूप पक्कं. 7 लिव्हरचं डोळे झाकून घ्या.

रंधा: थांबा. फोटोत चावी कशी दिसतेय? दार किती जाड आहे? आत उघडतं की बाहेर?

देवरूखकर: दोन्हींची चावी चपटी, करवतीसारखे दाते असलेली. दार साधंच आहे, जुनं सागवानी.

रंधा: मग आत पिना आहेत, लिव्हर नाहीत. लिव्हरच्या कुलपाची चावी म्हणजे गोल दांडी आणि टोकाला खाचांचं पातं. पहिल्याच्या माहितीतला 7 चा आकडा विसरा.

कोयंडा: आमचं 8 लिव्हरचं कुलूप अजून ठणठणीत आहे.

रंधा: दादा, ते टाळं असेल. टाळ्यात लिव्हर मोजण्याला अर्थ आहेच.

सुमनताई: आमचं घर खाडीला लागून. टाळ्याची बॉडी पितळी होती, तिला काही झालं नाही, पण वरची कडी लोखंडी, ती गंजून अडकली. कडी स्टेनलेसची बघून घ्या.

देवरूखकर: ताई, मला टाळं नकोय. रंधा, दार आत उघडतं. आत्ताच मोजलं, मधली फळी 25 आणि कडेची उभी पट्टी 54 मिमी.

रंधा: लॅच पट्टीवर बसतं, म्हणून 54 धरा. दोन्हींपैकी एकही बसणार नाही. बाहेरच्या सिलिंडरमागे एक चपटी पट्टी असते, ती दारातून आरपार येऊन आतल्या डब्याच्या फटीत शिरते. दार पातळ असलं तर ती पट्टी आणि मागचे लांब स्क्रू कापून तोकडे करता येतात. जाड दाराला मात्र दोन्ही अपुरे पडतात. चावी नुसती फिरत राहते, लॅच हलत नाही. विक्रेत्याला विचारा, 55 मिमीपर्यंतचं लांब सिलिंडर मिळेल का.

कोयंडा: त्यात काय! सुतार आतून 10 मिमी खाच पाडेल, डबा आत बसवेल.

रंधा: पाडेल, पण डबा तेवढा आत गेला की चौकटीवरचा खाचाही तितकाच आत घ्यावा लागेल, नाहीतर लॅचची जीभ त्यात जाणारच नाही. शिवाय जुन्या पट्टीत तिथेच सांध्याचं कूस असेल तर सांधा कमजोर होईल. सांध्यापासून वर किंवा खाली सरकवता आलं तरच करा.

देवरूखकर: लॅचची जागा नेमकी मधल्या आडव्या पट्टीच्या सांध्यावर येतेय. विक्रेत्याला मेसेज टाकलाय, उत्तर नाही. वीतभर वर घेतलं तर आईचा हात पोचायला हवा, ते सकाळी बघतो.

सुमनताई: चाव्या 4 वाल्याच घ्या हो, एक शेजारी ठेवता येते.