मदत हवी आहे: व्हॉल्यूमची मोठी कँडल ब्रेकआउटची की बाइंग क्लायमॅक्सची, त्याच दिवशी कसं ओळखायचं?

सावली_२१

नमस्कार मंडळी. भाव जुना पट्टा तोडून नव्या चालीला लागतो तो ब्रेकआउट आणि लांबलेल्या तेजीच्या शेवटी गर्दी खरेदीला तुटून पडते तो बाइंग क्लायमॅक्स, इतकं मला माहीत आहे. एक शेअर ७ महिने ८० ते १०० मध्ये फिरत होता. रोजचा सरासरी व्हॉल्यूम २ लाख. मग एके दिवशी ९९ ला उघडला, १०५ पर्यंत गेला आणि १०४.५ ला बंद झाला. व्हॉल्यूम ६ लाख. मी नुसती बघत राहिले, घेतला नाही. त्यानंतर ११ आठवड्यांत तो १४८ वर पोचला आणि शेवटचे ६ दिवस तर सलग हिरवे होते, त्यातले दोन गॅप देऊन.

सातव्या दिवशी १५६ ला उघडला. १५२ हा त्याचा जुना सर्वोच्च भाव होता, तोही ओलांडला. दुपारपर्यंत १४ लाखांचा व्हॉल्यूम झालेला पाहिला आणि मला वाटलं, हाच खरा ब्रेकआउट. १६६ ला घेतला. त्या दिवशी वरचा भाव १७१, खालचा १५४, बंद १५८ आणि व्हॉल्यूम २२ लाख. पुढचे तीन दिवस बंद भाव १६१, १५५, १४९. आज १४१ आहे.

दोन्ही वेळी व्हॉल्यूम प्रचंड, दोन्ही वेळी भाव वर. मग फरक कुठे होता? आणि तो मला त्या दिवशी दिसायला हवा होता का?

रोखठोक

सोपं आहे ताई. सरासरीच्या ५ पट व्हॉल्यूम वरच्या भावात आला की विकायचं आणि तळाला आला की घ्यायचं. तुमच्या २२ लाखांच्या दिवशी सरासरी किती होती?

सावली_२१

तोपर्यंत सरासरी ४ लाखांवर आली होती. म्हणजे साडेपाच पट.

रोखठोक

झालं मग. पहिल्या वेळी ३ पट होता, तो ब्रेकआउट. दुसऱ्या वेळी ५ च्या वर, तो क्लायमॅक्स.

जुनावहीखाता

रोखठोक, दिशा बरोबर पकडलीत, पण पटीवर निकाल देऊ नका. लांबलेल्या सुस्त पट्ट्यातून बाहेर पडताना ८ पट व्हॉल्यूमसुद्धा येतो, आणि तो अगदी खरा ब्रेकआउट असतो. व्हॉल्यूम इतकंच सांगतो की आज खूप लोकांनी हात बदलले. कोणी कोणाला माल दिला, हे भावाकडूनच काढून घ्यावं लागतं.

सावली, तुमच्याच दोन कँडल शेजारी ठेवून बघू. पहिली निघाली ती ७ महिन्यांच्या शांततेतून. १०० च्या आसपास ज्यांना विकायचं होतं ते त्या काळात विकून बसले होते, म्हणून ६ लाखांच्या खरेदीने भाव ९९ वरून उचलला आणि दिवसाच्या टोकाशीच बंद झाला. त्या दिवशी भावाची ५० दिवसांची सरासरी कुठे होती?

सावली_२१

साधारण ९४. आणि २२ लाखांच्या दिवशी ११८.

जुनावहीखाता

म्हणजे पहिल्या वेळी भाव सरासरीच्या ११ टक्के वर होता, दुसऱ्या वेळी ३४ टक्के. ज्यांनी १०५ ला घेतला त्यांच्या हातात भलामोठा नफा होता. नफा वसूल करायला मोठा गिऱ्हाईक लागतो, आणि १५२ ओलांडल्यावर धावत आलेली गर्दी हाच तो गिऱ्हाईक.

आता त्या दिवसाचा निकाल बघा. १५६ ला उघडला, १५८ ला बंद. २२ लाख शेअर फिरले आणि उघडण्यापासून फक्त २ ची कमाई. १५४ ते १७१ हा १७ चा पल्ला आणि बंद त्याच्या खालच्या चौथ्या हिश्शात. पहिल्या दिवशी ६ लाखांत साडेपाच मिळाले होते. कष्ट जवळपास चौपट आणि फळ निम्म्याहूनही कमी. खरेदी कमी नव्हती, पण समोरून तितकाच माल येत होता. रिचर्ड वायकॉफ या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन अभ्यासकाच्या मांडणीचा एक मोठा आधार हाच कष्ट आणि फळाचा हिशेब आहे.

मात्र तुम्ही १६६ ला घेतला तेव्हा दुपार होती. तेव्हा ती कँडल दिमाखदार दिसत होती आणि बंद भाव अजून लिहिला गेला नव्हता. सरासरीपासूनचं ४० टक्क्यांचं अंतर आणि सहा दिवसांची धावपळ मात्र तेव्हाही दिसत होती. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. विकायला नव्हे, थांबायला.

मंदगती

मध्येच विचारते, माझं उलटं झालंय. शेअर ९० वरून घसरत ६० पर्यंत आला, तिथे दोन महिने टिकला. मग एका दिवसात ६० तोडून ५२ ला आला, व्हॉल्यूम ६ पट. सेलिंग क्लायमॅक्स समजून ५३ ला घेतला. आता ४४.

जुनावहीखाता

ताई, त्या दिवशी बंद कुठे झाला आणि नंतर किती उसळला?

मंदगती

बंद ५३. नंतर ५५ च्या वर गेलाच नाही.

जुनावहीखाता

मग तो क्लायमॅक्स नव्हता, तो खालच्या बाजूचा ब्रेकआउट होता. दोन महिन्यांचा ६० चा आधार तुटला, तिथे घेतलेले सगळे एकदम तोट्यात गेले आणि विकायला निघाले. विक्रीची ती सुरुवात होती. सेलिंग क्लायमॅक्समध्ये घसरण आधीच लांबलेली असते, शेवटी ती आणखी वेगाने कोसळते आणि त्याच दिवशी खालून कोणीतरी मोठा घेणारा भाव उचलतो. पुढे विकायला फारसं कोणी उरत नाही, म्हणून उसळी जोरात येते. तुमच्याकडे ती आलीच नाही.

उसळी आली तरी मी लगेच घेत नाही. भाव पुन्हा त्या तळाजवळ येऊ देतो. तिथे व्हॉल्यूम पहिल्याच्या निम्म्यावर आला आणि तळ टिकला, तरच विकणारे थकलेत असं धरतो.

निरीक्षक४

थोडा मतभेद. प्रत्येक तळाला क्लायमॅक्स येतोच असं नाही. २९ ऑक्टोबर १९२९ ला न्यूयॉर्कच्या बाजारात सुमारे १ कोटी ६४ लाख शेअर फिरले. तो विक्रम जवळपास ४० वर्षं टिकला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये भाव थांबले, १९३० च्या वसंतापर्यंत वरही गेले. पण तिथल्या डाऊ जोन्स निर्देशांकाचा खरा तळ, ४१.२२, लागला ८ जुलै १९३२ ला, आणि तेव्हा दिवसाचा व्हॉल्यूम १० लाखांच्याही आत होता. गोंगाटात नव्हे, बाजार ओस पडल्यावर.

जुनावहीखाता

मान्य. क्लायमॅक्स त्या घसरणीचा एक टप्पा संपवतो, अख्खी मंदी संपवेलच असं नाही.

निरीक्षक४

सावली, आणखी एक तपासा. २२ लाखांच्या दिवशी हा शेअर एखाद्या निर्देशांकात घेतला गेला का? किंवा मोठा ठोक व्यवहार झाला का? फंडांची सक्तीची खरेदी किंवा एकच मोठा सौदा व्हॉल्यूम फुगवतो, आणि मग तो आकडा गर्दीबद्दल काहीच सांगत नाही.

सावली_२१

पाहिलं, तसं काही नव्हतं. पहिल्या ब्रेकआउटनंतर भाव १०१ पर्यंत परत आला होता, तेव्हा व्हॉल्यूम फक्त दीड लाख होता. आता १५४ च्या खाली जाताना रोज ७-८ लाख होतोय. हाही फरकच ना?

जुनावहीखाता

हाच सर्वात मोठा फरक. खऱ्या ब्रेकआउटनंतर भाव मागे येतो तेव्हा विकणारे नसतात, व्हॉल्यूम आटतो आणि ब्रेकआउटच्या कँडलचा तळ टिकतो. तुमच्या कँडलचा तळ १५४ होता. १४९ ला बंद झाला त्या दिवशी प्रश्न मिटला होता.

सावली_२१

मग १४१ ला काढून टाकू?

रोखठोक

काढा. अजून खाली जाणार.

जुनावहीखाता

मी तसं छातीठोक म्हणणार नाही. बाइंग क्लायमॅक्सनंतर कधी भाव कोसळतो, कधी महिनोन्‌महिने आडवा चालतो आणि नवी बैठक घालून पुन्हा वर निघतो. मी असतो तर पहिली उसळी बघितली असती. १५४ ते १५८ पर्यंत येऊन ३-४ लाखांच्या व्हॉल्यूमवर अडखळला, तर तिथे बाहेर. पण तेवढी वाट बघताना १३० झालं तर सोसेल का, हे तुमचं तुम्हालाच माहीत.

सावली_२१

नाही सोसणार. निम्मा आज काढते, उरलेल्याला १३४ चा स्टॉपलॉस लावते. उसळी आली की व्हॉल्यूमचे आकडे इथेच टाकते.