मदत हवी आहे: गळ्याभोवती नाळ आहे म्हणून सीझर?

सायली_के: कालच्या सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा एक वेढा दिसला. मॅडम म्हणाल्या, ३८ आठवडे भरले की सीझर करून टाकू. मला नॉर्मल हवी आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, लवकर सांगा प्लीज.

आसावरी: कितवा आठवडा? डोकं खाली आहे का? पहिलंच का?

भाऊसाहेब६१: वेढा असला की बाळाचा श्वास कोंडतो. सीझर करा, मोकळ्या व्हा. आमच्या सूनबाईंचं मुहूर्त बघून केलं.

रेखा_सिस्टर: भाऊसाहेब, पोटातलं बाळ नाकाने श्वास घेतच नाही, कोंडेल काय? त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. मी २२ वर्षं लेबर रूममध्ये काढली, वेढा असलेली बाळं रोजची. डोकं बाहेर आलं की बोटाने नाळ सैल करून डोक्यावरून काढतो. कळांसोबत ठोके उतरून पुन्हा नीट वर येत नसतील, तर मात्र लगेच सीझर. नुसत्या वेढ्यासाठी आधीपासून तारीख? सायली, तू काहीतरी सांगितलं नाहीस.

सायली_के: ३६ संपत आले. डोकं खाली. दुसरं बाळ. पहिलं सीझर होतं, ते पायाळू होतं म्हणून. लिहायचं राहिलं.

रेखा_सिस्टर: अगं, हेच तर मुख्य! आधी एकच सीझर असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी साधारण तिघींना जमतं. भीती असते गर्भाशयाचा जुना टाका उसवण्याची. ते दोनशेत एखादीला होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ. म्हणून विचार, गर्भाशयावरचा छेद आडवा होता का? पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही, जुने ऑपरेशनचे कागद ने. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्ताची सोय काय? आणि सीझरच करायचं तर ३९ पर्यंत का थांबायचं नाही? त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

स्नेहल_प: मी दुसऱ्यांदाही सीझरच घेतलं, पस्तावा नाही. फक्त पाठीतल्या इंजेक्शनने कंबर कायमची गेली.

रेखा_सिस्टर: कंबर नॉर्मलवाल्यांचीही दुखते हो, पोर कडेवर घेऊन. सायली, तिसरं हवं असेल तर तेही मॅडमना सांग. दर सीझरगणिक पुढच्या वेळी वार जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका वाढतो.

आसावरी: सगळ्यांना नॉर्मलकडे ढकलू नका, सिस्टर.

रेखा_सिस्टर: ढकलत नाही. विचारायला सांगतेय.

सायली_के: आज विचारलं. छेद आडवाच होता. वेढ्याचं काही नाही म्हणाल्या. खरी अडचण ही की भूलतज्ज्ञ शहरातून येतात, पाऊण तास लागतो, म्हणून नॉर्मलचा प्रयत्न त्या इथे करणार नाहीत. सीझर ३९ ला करायला तयार आहेत. नॉर्मलसाठी मेडिकल कॉलेज गाठावं लागेल, ७० किलोमीटर. मोठीला कोणाकडे ठेवू? नवरा म्हणतो इथेच कर.

भाऊसाहेब६१: ३९ ला कोणती तारीख येते? पंचांग बघून सांगतो.