मदत हवी आहे: पांढऱ्या बेडशीटवर मिसळीची तर्री, कापड न बिघडवता कशी काढावी?

मुळशीकर: पुण्याजवळ दोन खोल्यांचा होमस्टे आहे. चादरी पांढऱ्या, शुद्ध सुती. पाहुणे अकराला निघतात, पुढचे दोनला येतात. धुणाऱ्या मावशींसाठी भिंतीवर लावायला छोटी यादी हवी आहे. तर्रीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, कापड जळतं का?

कोथरूडची_काकू: सरळ ब्लीच ओता. पाच मिनिटांत पांढरं.

सुती_धागा: काकू, ब्लीचनं हळद जाते हे खरं. पण कडक ब्लीच थेट डागावर ओतलं की सुताचा धागा कमकुवत होतो. लगेच कळत नाही. काही धुण्यांनंतर नेमकी तिथेच चादर विरते. शिवाय टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचनं पिवळट छटा येते.

मुळशीकर, कापड जळत नाही. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळद लाल होते. खळखळून धुतलं की परत पिवळी दिसते. यादी अशी लावा:

१. चादर काढताच उजेडात धरून पाहा. डागाळलेली टोपलीत कोंबू नका, तर्री इतर कापडांना लागते.
२. वरचं खरडून टिश्यूनं टिपा, घासू नका. आधी तेल काढायचं: डाग उलट्या बाजूला करून भांडी घासायचं लिक्विड चमचाभर लावा, दहा मिनिटं ठेवा, मागून पाणी सोडा.
३. मग ऑक्सिजन ब्लीचची पावडर, वरचं कडक ब्लीच नव्हे, पाकिटावरच्या मापानं, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवून तासभर भिजवा. कोरडी पावडर डागावर टाकू नका.
४. ओली चादर डागाची बाजू वर करून उन्हात. उरलेला पिवळेपणा ऊनच खातं.
५. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही. तेल राहिलं असेल तर उष्णतेनं ते पक्कं बसतं.

रक्ताचा डाग असेल तर फक्त गार पाणी. गरम पाण्यानं तो धरून बसतो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

मुळशीकर: पण अकरा ते दोनमध्ये हे बसणार कसं?

सुती_धागा: बसणार नाहीच. एका बेडमागे तीन जोड ठेवा: एक बेडवर, एक कपाटात, एक धुण्यात. डागाची चादर त्या दिवशी पुन्हा घालायचीच नाही. घाईत केलेलं कामच कापड खातं.

नवी_लॉजवाली: माझ्याकडे लग्नाच्या पाहुण्यांनी उशांच्या खोळींवर मेंदी लावून ठेवली आहे. हेच चालेल?

सुती_धागा: मेंदीला तेलाची पायरी नको, बाकी करून पाहा. पण दुसऱ्या दिवशीचा डाग पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. खोळी गडद रंगाच्या घ्या, हे स्वस्त पडतं.

कोथरूडची_काकू: आणि पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, जुलैत?

सुती_धागा: ढगाळ उजेडातही फिकटतं, पण फार हळू. दुसऱ्यांदा भिजवावं लागेल. याहून चांगला उपाय कोणाकडे असेल तर मलाही हवाय.