मदत हवी आहे: कान दुखतोय, अँटिबायोटिक लिहून दिलंय पण "लगेच सुरू करू नका" म्हणाले

मेघना_नेरूळ

लेक सव्वादोन वर्षांचा आहे, वजन १२ किलो. रविवारपासून सर्दी, प्लेग्रुपमध्ये सगळ्यांनाच आहे. आधी पाण्यासारखं नाक गळत होतं, मंगळवारपासून घट्ट हिरवट. काल बुधवारी रात्री झोपेतून उठून उजवा कान धरून जे रडायला लागला ते तासभर थांबेना, ताप १००.८. आज सकाळी नेहमीच्या पेडियाट्रिशियनकडे नेलं, त्यांनी दोन्ही कानांत बघितलं, म्हणाले उजवा पडदा लाल आहे आणि थोडा फुगलाय, डावा ठीक आहे. अमॉक्सिसिलिन लिहून दिलं पण म्हणाले शनिवार सकाळपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्या, दुखणं कमी नाही झालं किंवा ताप १०२ च्या वर गेला तरच हे सुरू करा.

सासूबाईंचं म्हणणं, द्यायचं नव्हतं तर लिहिलं कशाला. त्यात शेजारच्या विंगमधली दहा महिन्यांची मुलगी, तेच डॉक्टर, परवाच कानासाठीच गेली होती, तिला मात्र पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक. असं का? आणि सर्दी नाकात, मग कान कसा काय धरला? मागच्या पावसाळ्यातही सेम झालं होतं.

गप्पिष्ट_ठाणे

कानात पाणी जात असणार. आमच्या मोठ्याला सोसायटीच्या पूलमुळे व्हायचं, ड्रॉप्स घातले की दोन दिवसांत गायब. डोक्यावरून अंघोळ बंद करा आणि कापूस लावा.

मेघना_नेरूळ

पूलमध्ये जातच नाही हो तो, सर्दीनंतर झालंय.

घोडबंदरवाला

अजिबात देऊ नका. सर्दी व्हायरल म्हणजे कानही व्हायरलच, अँटिबायोटिकचा संबंध येतोच कुठे. हिरवा शेंबूड दिसला की लोक घाबरतात पण त्याला काही अर्थ नसतो, कुठलीही सर्दी तिसऱ्या चौथ्या दिवशी घट्ट हिरवी होतेच. मुलगी सहा वर्षांची झाली, कानासाठी एकदाही दिलं नाही. तुमचे डॉक्टर दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहेत.

कानसेन

मी ईएनटीत आहे. तुमच्या मुलाचा कान मी बघितलेला नाही, त्यामुळे जे लिहितेय ते तुम्ही सांगितलेल्यावरून.

घोडबंदरवाला, हिरव्या शेंबडाचं बरोबर आहे, पण कानाचं अर्धंच बरोबर. सुरुवात व्हायरसनेच होते. पडद्याच्या मागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उतरते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आत ताजी हवा जाते. मोठ्यांत ही नळी चांगली तिरकी उतरती असते, दोन वर्षांच्या मुलात ती आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी. सर्दीत तिचं अस्तर सुजतं आणि ती बंद पडते. आतली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, नवीन येत नाही, मग आत दाब कमी होतो आणि अस्तरातून पाणी झिरपायला लागतं. नाकाच्या मागे लहान मुलांच्या न्यूमोकोकस, हिमोफिलस असले जंतू एरवीही गुपचूप राहत असतात, ते आता वर खेचले जातात आणि त्या साचलेल्या पाण्यात वाढतात. ह्या सगळ्याला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून रविवारची सर्दी बुधवारी रात्री कानात. आंघोळीच्या पाण्याचा इथे काही संबंध नाही, ते पडद्याच्या बाहेर राहतं.

म्हणजे आत बॅक्टेरिया असू शकतात, बरेचदा असतातच. तरीही थांबायला सांगतात कारण सूज उतरली की नळी उघडते आणि बहुतेक मुलांचं शरीर ते आपलं आपण निस्तरतं. अभ्यासांत दिसतं ते असं की अँटिबायोटिक न देताही १०० पैकी साधारण ६० मुलांचं दुखणं २४ तासांत थांबतं, आणि पहिल्या दिवसाच्या दुखण्यावर अँटिबायोटिकने काहीच फरक पडत नाही. दोनतीन दिवसांनंतर थोडा पडतो, पण साधारण २० मुलांना द्यावं तेव्हा एकाचं दुखणं त्यामुळे थांबतं. आणि साधारण १४ मुलांना दिलं की त्यातल्या एकाला त्याच औषधाने जुलाब, उलटी किंवा पुरळ.

आता ती दहा महिन्यांची मुलगी. तिचं मला माहीत नाही, पण दोन वर्षांच्या आत दोन्ही कान धरलेले असतील तर आम्हीही थांबत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, कानातून पू येत असेल, ताप १०२.२ किंवा जास्त असेल, दुखणं खूपच असेल किंवा दोन दिवस चालूच असेल, तर कुठल्याही वयात सुरुवातीपासून देतो. तुमचा मुलगा दोन वर्षांच्या वर, एकच कान, ताप १००.८. थांबून बघायला हीच केस असते. चिठ्ठी आधीच दिली कारण शनिवारी रात्री तुम्ही धावपळ करू नये. मला ते दोन दगडांवर पाय वाटत नाही.

घोडबंदरवाला

ठीक, चिठ्ठीचं पटलं. पण निम्मे डॉक्टर पडदा न बघताच देतात ते तरी माना.

कानसेन

निम्मे की किती ते नाही सांगता येणार, पण होतं खरं. आणि बघून सुद्धा चुकतं, कारण मूल जोरात रडत असलं किंवा ताप असला की पडदा तसाही लाल दिसतो. नुसत्या लालीवर ठरवायचं नसतं, पडदा पुरीसारखा बाहेर फुगलाय का ते बघायचं. मेघनाताईंच्या डॉक्टरांनी 'फुगलाय' म्हटलं आणि दोन्ही कान बघितले, म्हणजे नीट बघितलंय.

सुलभाताई

मेघना, लसणाची पाकळी घालून तीळतेल कोमट कर आणि दोन थेंब सोड, रात्री शांत झोपेल बघ. आमच्या चारही पोरांना हेच केलं. औषधाचं काय, ते नंतर आहेच.

कानसेन

सुलभाकाकू, रागावू नका पण ह्या वेळी तेल नकोच. दुखणं पडद्याच्या मागे आहे, तेल पुढेच राहतं. आणि पडदा फुगून रात्रीत फुटला तर तेच तेल आत जाणार. फुटला तर घाबरायचं मात्र कारण नाही, पू बाहेर आला की मूल एकदम शांत होतं आणि भोक बहुतेक वेळा काही दिवसांत भरून येतं. फक्त मग कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, शनिवारची वाट बघायची नाही.

सुलभाताई

बरं बाई. बाहेरून कोमट फडक्याने शेकलं तर चालेल ना?

कानसेन

चालेल की.

मेघना_नेरूळ

खूप थँक्यू. एक अडचण, काल रात्री पॅरासिटामॉल ५ एमएल दिलं तरी दोन तास रडतच होता, म्हणून वाटलं की औषध पुरत नाहीये म्हणजे अँटिबायोटिकच लागणार. बाटलीवर १२० मिग्रॅ प्रति ५ एमएल असं लिहिलंय.

कानसेन

हे बरं विचारलंत. पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोमागे १५ मिग्रॅ. १२ किलोला १८० होतात. तुमच्या बाटलीतून ५ एमएल म्हणजे १२० च गेलं, त्याला ७.५ एमएल लागणार होतं. पण थांबा, आकडा बाटलीवर अवलंबून आहे. दुकानात २५० वालीही मिळते, खोकं जवळजवळ तसंच, त्यातलं ३.६ एमएलच पुरे. त्या बाटलीतून कोणी ७.५ दिलं तर दुपटीने जाईल. त्यामुळे घरात एकच बाटली ठेवा, चमच्याऐवजी सिरिंजने मोजा, आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून हाच आकडा पक्का करून घ्या. दर सहा तासांनी देता येतं, कानाचं दुखणं रात्री आडवं झाल्यावर वाढतं म्हणून झोपायच्या आधीचा डोस चुकवू नका.

आयबुप्रोफेनही चालतं एरवी, पण हा डेंग्यूचा सीझन आहे, ताप नक्की कशाचा हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत ते आपल्या मनाने देऊ नये. दोन्ही मिसळलेलं सिरप घरात असेल तर त्यावर वेगळं पॅरासिटामॉल अजिबात नको.

पियूची_आई

आमची पियू साडेतीन वर्षांची, ह्या सहा महिन्यांत तिसऱ्यांदा कान. रात्री तोंड उघडं ठेवून घोरते. एका डॉक्टरांनी नाकामागच्या गाठी म्हणजे अॅडेनॉइड काढा सांगितलं, दुसरे म्हणाले पाच वर्षांपर्यंत आपोआप लहान होतील. आमच्याकडे तर दर वेळी पाच दिवसांचं अझिथ्रो चालतं, मागच्या वेळचं अर्ध उरलंय, मेघना तुला हवं असेल तर सांग, मी सीवूड्सलाच असते.

कानसेन

उरलेलं औषध कोणी कोणाला देऊ नका प्लीज, उघडून मिसळलेलं अँटिबायोटिक सिरप ठरावीक दिवसांनंतर टाकायचंच असतं. शिवाय कानाच्या जंतूंवर अझिथ्रो अमॉक्सिसिलिनइतकं चालत नाही.

पियूचं वेगळं आहे. सहा महिन्यांत तीनदा म्हणजे ईएनटीला दाखवायलाच हवं, कानामागे पाणी आहे का आणि ऐकू किती येतं ते तपासून मग अॅडेनॉइडचं ठरतं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, इथून मी एक निवडून देऊ शकत नाही. न्यूमोकोकलची लस पूर्ण आहे ना? आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती २०२१ पासून आहे, त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांची राहून गेलीये.

पियूची_आई

बूस्टर राहिलाय बहुतेक. फाईल बघते.

मेघना_नेरूळ

अपडेट. डॉक्टरांनी ७.५ च सांगितलं. गुरुवारी रात्री झोपला, शुक्रवारी संध्याकाळपासून ताप नाही, आज शनिवार, सकाळी पोहे खाल्ले, कान धरत नाहीये. अमॉक्सिसिलिन उघडलं नाही. सासूबाई अजून साशंक आहेत, बाटली फ्रीजवर दिसेल अशी ठेवलीये त्यांनी.

पण आता हाक मारली की ओ देत नाही, टीव्ही मोठा करायला लावतो. हे काय नवीन?

कानसेन

दुखणं गेलं तरी पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही. महिन्यानेही १०० पैकी साधारण ४० मुलांत सापडतं, त्यामुळे थोडं कमी ऐकू येतं. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, सर्दीच्या सिरपनेही ते लवकर जात नाही. समोर बसून, टीव्ही बंद करून बोला. तीन महिन्यांनीही तसंच असेल तर ऐकण्याची तपासणी. मात्र ताप परत आला, कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसला, चेहरा एका बाजूला वाकडा वाटला किंवा मान ताठ झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

मेघना_नेरूळ

शेवटचं विचारते. पुढच्या शनिवारी नागपूरचं फ्लाईट आहे, भावाचं लग्न. नेऊ का?

गप्पिष्ट_ठाणे

नको, कानाचे पडदे फाटतात.

घोडबंदरवाला

काही होत नाही, आम्ही सर्दीत गोव्याला नेली होती.

कानसेन

दोघंही इतक्या खात्रीने कसं सांगताय माहीत नाही. गुरुवारी डॉक्टरांना परत कान दाखवा, त्यावर ठरेल. नेलंत तर विमान खाली यायला लागलं की त्याला जागं ठेवा आणि घोट घोट पाणी पाजत राहा, गिळताना नळी उघडते.

मेघना_नेरूळ

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली. सासूबाई विदर्भ एक्सप्रेसचं वेटिंग बघायला लागल्यात.