व्हीपीएन चालू, तरी एक साइट माझाच पत्ता दाखवते. खरं काय मानायचं?

निळी_शाई

मंडळी, जरा मदत हवी आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यावर वायरगार्ड. सर्व्हर भाड्याचा, दुसऱ्या देशातला; कॉन्फिग फाइल ओळखीतल्या एकाने करून दिली. `wg-quick up wg0` दिलं की काही कुरकुर न करता चालू होतं.

घोळ असा की पत्ता दाखवणाऱ्या एका साइटवर सर्व्हरचा देश दिसतो आणि दुसरीवर चक्क माझ्या इंटरनेट कंपनीचं नाव. दोन्ही टॅब शेजारी-शेजारी उघडे, मधे काही बंद-चालू केलेलं नाही. म्हणून ट्रेसराउट करून पाहिला. पत्ते बदलून टाकतोय. आधी व्हीपीएन बंद असताना, मग चालू असताना:

```
$ traceroute -n -q 1 1.1.1.1
 1  192.168.1.1    1.9 ms
 2  100.70.0.1     6.2 ms
 3  *
 ...

$ traceroute -n -q 1 1.1.1.1
 1  10.66.0.1      148.3 ms
 2  198.51.100.1   148.9 ms
 3  *
 ...
```

दुसऱ्यात माझा राऊटर कुठेच नाही. म्हणजे सगळं टनेलमधूनच जातंय ना? मग ती दुसरी साइट खोटं बोलते का?

कुंपणावरचा

पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या याद्या जुन्या असतात, त्यामुळे देश चुकीचा दिसणं नेहमीचंच. त्याकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या ओळीतला तारा मात्र मला खटकतो. पॅकेट तिथे अडलंय, म्हणजे व्हीपीएन अर्धवट चालतंय.

पोस्टमनकाका

माझंही अगदी हेच! ब्राउझरमध्ये बघितलं तर पत्ता बदललेला, टर्मिनलमध्ये `curl` मारला तर घरचाच. तुमच्यासारखंच असणार.

जुनी_वायर

काका, तुमचं व्हीपीएन म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे का? असेल तर तो फक्त ब्राउझरपुरता प्रॉक्सी. टर्मिनल, मेल, अपडेट, सगळं नेहमीच्याच वाटेने जाणार. ट्रेसराउटही ब्राउझरच्या बाहेर चालतो, तेव्हा त्यातून तुम्हाला काहीच कळायचं नाही. निळी_शाईंचं दुखणं वेगळं आहे.

कुंपणावरचा, याद्या जुन्या असतात हे खरं. पण इथे चुकीचा देश नाही दिसत, स्वतःची इंटरनेट कंपनी दिसते. ती यादीतल्या चुकीने इतकी नेमकी यायची नाही. आणि ताऱ्याचा अर्थ एवढाच की मधल्या त्या राऊटरने उत्तर दिलं नाही. बरेच राऊटर देतच नाहीत. व्हीपीएन बंद असतानाही तिसऱ्या ओळीत तारा आहेच की.

आता मूळ प्रश्न. पहिल्या ओळीतला आकडा बघा. घरचा राऊटर २ मिलिसेकंदांत बोलतो, 10.66.0.1 ला १४८ लागतात, कारण तो दिसतो पहिल्या पायरीवर पण बसलाय दुसऱ्या देशात. तुमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात बसून तिथवर जातं. वाटेतले राऊटर बाहेरच्या पॅकेटचा टीटीएल कमी करतात, आतल्याला हात लागत नाही, म्हणून ते यादीत येत नाहीत. हे सगळं व्यवस्थित आहे. फक्त ते आयपीव्ही४ पुरतं व्यवस्थित आहे. 1.1.1.1 ला ट्रेस केलात म्हणजे आयपीव्ही६ ची वाट तपासलीच नाही. व्हीपीएन चालू ठेवून हे द्या:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
traceroute -6 -n -q 1 2606:4700:4700::1111
```

आणि कॉन्फिगमधली `AllowedIPs` ची ओळ इथे टाका. किल्ल्या टाकू नका.

निळी_शाई

`-4` ला सर्व्हरचा पत्ता आला. `-6` ला 2001:db8:40:7: ने सुरू होणारा लांबलचक पत्ता. ट्रेस असा:

```
 1  2001:db8:40:7::1   2.1 ms
 2  *
 3  2001:db8:ff::9     9.4 ms
```

आणि कॉन्फिगमध्ये:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0
```

जुनी_वायर

सापडलं. `0.0.0.0/0` म्हणजे आयपीव्ही४ चे सगळे पत्ते. आयपीव्ही६ बद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही, म्हणून तो ट्रॅफिक टनेलला न विचारता थेट घरच्या राऊटरकडे जातो. पहिल्याच ओळीत २ मिलिसेकंद, तोच पुरावा. तुमची पहिली साइट फक्त आयपीव्ही४ वर असणार, दुसरी दोन्हींवर. दोन्ही वाटा असल्या की ब्राउझर बहुधा ६ ची धरतो. दोन्ही साइट खरंच बोलत होत्या.

पत्त्याची शेपटी अधूनमधून बदलते म्हणून निर्धास्त राहू नका. पुढचा अर्धा भाग घराच्या जोडणीचा असतो आणि शेपटी बदलली तरी तो तसाच राहतो. ओळखायला तेवढा पुरे.

ओळ अशी करा, मग `wg-quick down wg0` आणि पुन्हा `up`:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

कुंपणावरचा

ताऱ्याचं पटलं. पण आणखी एक सोपी खूण आहे. सर्व्हरच्याच पब्लिक पत्त्याला ट्रेस करा. त्यात घरचा राऊटर आणि कंपनीचे राऊटर दिसायलाच हवेत, कारण टनेल स्वतः त्याच वाटेने जातो. दिसले नाहीत तर काहीतरी गडबड.

जुनी_वायर

ओपनव्हीपीएनला हे लागू पडतं. तिथे सगळा ट्रॅफिक टनेलमध्ये वळवताना सर्व्हरच्या पत्त्यासाठी बाहेरून जाणारी वेगळी वाट टाकली जाते, आणि तसा ट्रेस पाहून लोक उगाच गळती-गळती म्हणून घाबरतात. `wg-quick` मात्र फक्त वायरगार्डच्या स्वतःच्या पॅकेटांवर खूण मारतं आणि तेवढीच बाहेरून सोडतं. ट्रेसराउटच्या पॅकेटवर ती खूण नाही, म्हणून ते टनेलमध्येच शिरतं आणि एका पायरीत सर्व्हर गाठतं. निळी_शाईंना एकच ओळ दिसेल आणि ते बरोबरच असेल.

निळी_शाई

हो, एकच ओळ आली, १४८ मिलिसेकंद.

ओळ बदलली. आता `curl -4` ठीक, पण `curl -6` बराच वेळ थांबून शेवटी हार मानतं. आयपीव्ही६ च्या ट्रेसमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते तारे. हे सुधारलं की बिघडलं?

जुनी_वायर

सुधारलं. तुमच्या सर्व्हरवर आयपीव्ही६ बसवलेलंच दिसत नाही, त्यामुळे ती पॅकेटं टनेलमध्ये शिरून तिथेच मरतात. घरच्या वाटेने बाहेर पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. खात्रीसाठी हे द्या:

```
ip -6 route get 2606:4700:4700::1111
```

उत्तरात `dev wg0` आलं की झालं. वायफायच्या कार्डाचं नाव आलं तर ओळ लागू झालेली नाही.

निळी_शाई

`dev wg0` आलं. पण आता काही साइट उघडताना सुरुवातीला किंचित अडखळल्यासारख्या वाटतात. की माझ्याच मनाचे खेळ?

जुनी_वायर

असू शकतं. ब्राउझर आधी ६ ने प्रयत्न करतो, उत्तर येत नाही म्हणून ४ वर येतो. कायमचा उपाय म्हणजे सर्व्हरवरच आयपीव्ही६ चालू करून घेणं. ज्यांनी फाइल दिली त्यांना विचारा, भाड्याच्या सर्व्हरला तो पत्ता मिळालाय का.

कुंपणावरचा

एवढा खटाटोप कशाला? लॅपटॉपवर आयपीव्ही६ बंदच करून टाका, मोकळे व्हा.

जुनी_वायर

चालेल, पण मग व्हीपीएन नसतानाही ते बंद राहणार. मला ते पटत नाही, ज्याची त्याची आवड.

आणि हो, या दोन्ही तपासण्यांतून नावांची चौकशी, म्हणजे डीएनएस, कुठे जाते ते कळत नाही. पत्ता आणि ट्रेस दोन्ही चोख असूनही ती कंपनीच्या सर्व्हरकडे जात असू शकते. तुमच्या फाइलमध्ये `DNS =` ची ओळ आहे का?

निळी_शाई

नाही दिसत. रात्री घरी गेल्यावर `resolvectl status` चं आउटपुट टाकतो.

पोस्टमनकाका

माझं एक्स्टेन्शनच निघालं. मग आता ते काढून वायरगार्ड टाकू, की दोन्ही एकदम चालतील?