‘सस्टेन्ड रिलीज’ला मराठीत काय म्हणावं?

चोपडेकर: आबांच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून फोनवर भाषांतर केलं. आलं, ‘निफेडिपिन शाश्वत प्रकाशन गोळ्या’. आबा म्हणे, “गोयीचं पुस्तक निघालं का काय?” मूळ शब्द ‘सस्टेन्ड रिलीज’. खाली ‘संपूर्ण गिळा’. आईनं त्याचा अर्थ लावला, थोडीही उष्टी राहू द्यायची नाही. आबांच्या घशात अडकते म्हणून आठ दिवस ती गोळी खलबत्त्यात कुटून मधातून देतेय. योग्य शब्द काय?

निंभोऱ्याची ताई: आमची सासूबाई गोळी शिकरणीत घालून घेते. गोडच लागते म्हणे.

भुसावळचा केमिस्ट: भाऊ, शब्द नंतर. कुटणं आजच थांबवा. ही गोळी तासन्‌तास थोडं थोडं औषध सोडते. कुटली की सगळं एकदम रक्तात जातं आणि बीपी झपकन पडू शकतं. गोळीनंतर आबांचा चेहरा तापतो, डोकं ठणकतं, उठताना अंधारी येते का?

चोपडेकर: अंधारी येते. आम्ही उन्हावर ढकललं. आज सकाळचीही कुटूनच दिलीय.

भुसावळचा केमिस्ट: मग त्यांना एकटं उठू देऊ नका, बीपी मोजा आणि डॉक्टरांना आत्ताच फोन लावा. शुद्ध हरपतेय असं वाटलं तर थेट दवाखाना. पुढची गोळी विचारल्याशिवाय नको, आणि आपल्या मनानं कायमची बंदही नको. गिळता येत नाही हे सांगितलं की डॉक्टर दुसरं औषध बघतील. ॲम्लोडिपिनची साधी गोळी कुटता येते, पण ती बदली त्यांनीच करायची.

धुळेकर सर: मधे रेघ असेल तर गोळी मोडायला हरकत नसते.

भुसावळचा केमिस्ट: सर, अर्धं बरोबर. मेटोप्रोलॉलच्या काही हळू सुटणाऱ्या गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटायच्या, चावायच्या त्याही नाहीत. कुठली मोडायची ते पाकीट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. फोटोत चंदेरी कागद चमकतो आणि गोळी हळू सुटणारी आहे हे सांगणारी नावामागची ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ ही अक्षरं नेमकी पुसली जातात. चार गोळ्या कापून घेतल्या तर नाव उरलेल्या तुकड्यावरच राहतं. म्हणून फोटो नको, पाकीटच आणा.

रावेरकर: आमच्याकडं केळीला ठिबक असतं. पाटानं एकदम सोडलं तर मुळं कुजतात. ‘ठिबक गोळी’ म्हणा, शेतकऱ्याला लगेच कळेल.

निंभोऱ्याची ताई: अन्‌ सासूबाई म्हणेल थेंब कुठंय? ती डोळ्यात घालेल.

धुळेकर सर: ‘हळूहळू सुटणारी’ बरं. आणि ‘संपूर्ण गिळा’ऐवजी ‘अख्खी गिळा, चावू-कुटू नका’.

चोपडेकर: आईला ‘अख्खी’ लगेच कळलं. डॉक्टरांशी बोललो, आबांना संध्याकाळी बोलावलंय. पाकीट खिशात टाकलंय. ताई, सासूबाईंची शिकरणीतली गोळी कुठली?

निंभोऱ्याची ताई: शुगरची. थांब, पाकीट बघते.