वास्तुशांतीच्या जेवणानंतर सहा जणांना उलट्या-जुलाब, सासूबाईंना रात्रीच न्यावं का?

रानजाई (रात्री 9.40): आज दुपारी एकला जेवणं झाली. मसालेभात, पुरी-भाजी, बासुंदी. बासुंदी सकाळी सातला आटवून पातेल्यात तशीच बाहेर होती. चारपासून एकेकाला उलट्या, मग जुलाब. ताप कुणालाच नाही. पाच वर्षांच्या मुलाला पाच उलट्या झाल्या, पण तो पाणी मागतोय. सासूबाई 74 वर्षांच्या, त्यांना दोनच झाल्या. संध्याकाळपासून शांत पडून आहेत, म्हणून मला मुलाचीच काळजी वाटतेय. काय करू?

नदीकाठ: जुलाब थांबवायची गोळी द्या आणि लिंबू-साखर-मिठाचं पाणी पाजा. आमच्याकडे तेवढ्यावर भागतं.

अंगणवेल: मलाही लग्नाचं जेवलं की जळजळतं. जेवण उशिरा झालं का?

परिचारिका_ग्रामीण: अंगणवेल, हे पित्त नाही. सहा जणांना एकदम झालंय. तीन तासांत आधी उलट्या आणि ताप नाही, म्हणजे बाहेर राहिलेल्या दुधात तयार झालेलं विष असावं. ते उकळूनही जात नाही, तेव्हा उरलेली बासुंदी कुणी खाऊ नका. थोडी झाकून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवा, आरोग्य केंद्राला नमुना लागेल.

नदीकाठ, पाणी पाजायचं हे बरोबर, पण अंदाजाने साखर घातली तर जुलाब वाढतात. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मुलाला दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. जुलाब थांबवायची गोळी मुलाला देऊच नका.

रानजाई, सासूबाईंना लघवी कधी झाली? बीपीची गोळी चालू आहे का?

रानजाई: विचारलं तर म्हणाल्या, सकाळीच. बीपीच्या गोळीबरोबर लघवीची गोळीही आहे. आत्ता हाक मारली तर उशिराने 'हं' म्हणाल्या. जीभ चामड्यासारखी कोरडी झालीय.

परिचारिका_ग्रामीण: मग आत्ताच निघा, सकाळची वाट बघू नका. त्यांना सलाईन लागेल. गाडी नसेल तर 108 लावा. रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, पाकिटं सोबत घ्या. अंगातलं पाणी कमी झालंय का ते कातडीला चिमटा घेऊन बघू नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी सैलच असते, फसायला होतं. लघवी, जीभ आणि हाकेला मिळणारं उत्तर बघावं. मुलगा पाणी प्यायचा थांबला, ग्लानीत गेला किंवा शौचात रक्त दिसलं तर त्यालाही लगेच न्या.

चौकट: आचाऱ्यावर तक्रार करा आधी.

रानजाई (सकाळी 7.15): सासूबाईंचा बीपी खूप खाली गेला होता. दोन बाटल्यांनंतर पहाटे लघवी झाली, आता नावं नीट सांगतात. मुलाने रात्रभर चमच्याने ओआरएस घेतलं, आत्ता मऊ भात मागतोय. पण नणंदेने बासुंदी खाल्लीच नव्हती, तिलाही उलट्या झाल्या. मसालेभातही पातेल्यात तसाच होता. त्यानेही होऊ शकतं का?

परिचारिका_ग्रामीण: होऊ शकतं. भात तासन्‌तास कोमट राहिला तरी अगदी असंच होतं. उरला असेल तर त्याचाही नमुना ठेवा.